जुन्या पगाराच्या खात्यातून पाच महिन्यांत ३,१५२ रुपये कापले. परत मागता येतील का?

स्नेहल_सातारा

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या खात्याबद्दल विचारायचं आहे. तो पुण्यात एका कंपनीत होता, तिथलं पगाराचं खातं एका खाजगी बँकेत होतं. फेब्रुवारीअखेर नोकरी सुटली, शेवटचा पगार जमा झाला, त्यानं तो दुसऱ्या खात्यात वळवला आणि २,१४० रुपये तिथंच राहू दिले. झीरो बॅलन्सचं खातं आहे, राहू दे पडून, असा विचार.

परवा १० डिसेंबरला मावशीनं त्याच्या परीक्षेच्या फीसाठी ३,००० रुपये पाठवले. तिच्या फोनमध्ये जुन्याच खात्याचा नंबर होता. पैसे आले आणि लगेच १,०१२ रुपये ४९ पैसे गेले. तेव्हा कुठं आम्ही स्टेटमेंट काढून बघितलं. ते असं आहे:

१ ऑगस्ट – ५५६.४९
१ सप्टेंबर – ५९०
१ ऑक्टोबर – ५९०
१ नोव्हेंबर – ४०३.५१ (खात्यात तेवढेच उरले होते)
१० डिसेंबर – १,०१२.४९

कस्टमर केअरवाली म्हणते, मिनिमम बॅलन्स दहा हजार आहे, तो ठेवला नाही म्हणून. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली म्हणून पैसे आम्ही इकडून तिकडून गोळा केले, तो प्रश्न मिटला. पण जे गेले ते नियमानं गेले का, एवढं तरी कळायला हवं. घरात सध्या एकच पगार आहे, आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

रानवाट

आता मिनिमम बॅलन्स राहिलंच नाही की. रिझर्व्ह बँकेनं सगळ्यांचं बंद केलंय, पेपरात आलं होतं. सरळ तक्रार ठोका.

हिशेबनीस

रानवाट, तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे, पण ती सगळ्या बँकांची नाही. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्ये बचत खात्यावरची ही अट काढली. २०२५ च्या मध्यावर कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनीही तेच केलं. ते त्या त्या बँकेनं आपलं आपण ठरवलं. किमान शिल्लक किती हवी हे रिझर्व्ह बँकेनं बँकांवरच सोडलेलं आहे, आणि बहुतेक खाजगी बँकांत ती अजून लागते.

स्नेहलताई, मी बँकेतून निवृत्त झालो, काउंटरवर बरीच वर्षं काढली. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं ते आकड्यांवरून दिसतंय. पगाराचं खातं झीरो बॅलन्सचं असतं ते पगार येतो तोवर. साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. मार्च, एप्रिल, मे गेले, जूनमध्ये खातं बदललं असणार.

आता पहिली कपात बघा. सरासरी शिल्लक २,१४०, म्हणजे दहा हजाराला ७,८६० कमी. या तुटीच्या सहा टक्के म्हणजे ४७१.६०, त्यावर १८ टक्के जीएसटी ८४.८९, एकूण ५५६.४९. पैशापर्यंत जुळतं. पुढच्या महिन्यात शिल्लक उरली १,५८३.५१. तूट वाढली, सहा टक्के ५०४ च्या वर जातात. पण कापलेत ५९०, म्हणजे ५०० अधिक ९० जीएसटी. याचा अर्थ या बँकेचा दर 'तुटीच्या सहा टक्के किंवा ५०० रुपये, यातलं जे कमी ते' असा आहे. बँकेच्या साइटवरच्या दरपत्रकात हे सापडेल, ताडून बघा.

दंडानं शिल्लक कमी होते आणि शिल्लक कमी झाली म्हणून पुढचा दंड वाढतो. पडून असलेलं खातं असंच रिकामं होतं.

१० डिसेंबरच्या १,०१२.४९ ची फोड बँकेकडून मागा. माझ्या हिशेबानं ऑक्टोबरच्या दंडातले राहिलेले १८६.४९, नोव्हेंबरचे ५९० आणि वर २३६. हे २३६ म्हणजे २०० अधिक जीएसटी, बहुधा डेबिट कार्डाची वार्षिक फी.

स्नेहल_सातारा

काका, बरोब्बर. आत्ता ॲपमध्ये बघितलं, नोव्हेंबरमध्ये कार्डाचे २३६ 'ड्यू' म्हणून लिहिलेत. कार्ड तर त्यानं मार्चपासून हातातही घेतलेलं नाही.

कडूलिंब

माझंही असंच होतंय. मी दर महिन्याच्या १ तारखेला न चुकता दहा हजार खात्यात दाखवतो, ३ तारखेला हप्ता आणि घरभाडं जातं. तरी दंड. ब्रँचमध्ये विचारलं तर 'सिस्टीम कापते' एवढंच उत्तर मिळतं.

हिशेबनीस

कडूलिंब, १ तारखेला काय आहे ते कुणी बघत नाही. रोज रात्री दिवसअखेरची जी शिल्लक असते ती महिनाभर बेरीज करत जायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. हीच मासिक सरासरी शिल्लक. काही बँका तिमाहीची धरतात, तुमच्या बँकेची कुठली ते आधी विचारून घ्या.

उदाहरण घेऊ. अट दहा हजाराची, महिना तीस दिवसांचा. म्हणजे रोजच्या शिलकांची बेरीज तीन लाख भरली पाहिजे. पहिले दहा दिवस खात्यात २५,००० होते, बेरीज झाली अडीच लाख. मग भाडं, हप्ता, किराणा गेला आणि उरलेले वीस दिवस १,००० राहिले, ते वीस हजार. एकूण दोन लाख सत्तर हजार, सरासरी ९,०००. महिन्याच्या सुरुवातीला पंचवीस हजार असूनही दंड लागणार.

पण २५ तारखेच्या रात्री हे लक्षात आलं तर अजून सावरता येतं. बेरजेला तीस हजार कमी आहेत आणि पाच दिवस हातात आहेत. जादा ६,००० आणून ते पाचही रात्री राहू दिले की भरपाई झाली. २८ तारखेच्या रात्री कळलं तर दोन रात्रींसाठी जादा १५,००० लागतील. उशीर होईल तशी रक्कम फुगते, म्हणून २० तारखेच्या सुमारास एकदा बेरीज करावी. पुष्कळ ॲपांत चालू महिन्याची सरासरी दिसते, ती नसेल तर स्टेटमेंट आणि कॅल्क्युलेटर पुरे. एक लक्षात ठेवा, सकाळी भरून संध्याकाळी काढलेले पैसे या हिशेबात शून्य. रात्र काढली पाहिजे पैशानं.

कडूलिंब

हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. या महिन्याची बेरीज करून बघतो.

मालवणी_माणूस

स्नेहलताई, माझा सल्ला, काहीच करू नका. दोन वर्षं खात्यावर व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं आणि निष्क्रिय खात्याला दंड लावायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. पडून राहू दे.

हिशेबनीस

बंदी आहे हे खरं. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांत ते स्पष्ट आहे, आणि खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. पण ती दोन वर्षं पुरी होईपर्यंत संरक्षण नाही. बँकेनं स्वतः कापलेले चार्जेस किंवा जमा केलेलं व्याज खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत, पण मावशीचे आलेले तीन हजार मात्र धरले जाऊ शकतात, आणि मग दोन वर्षांचं घड्याळ १० डिसेंबरपासून पुन्हा सुरू. तोवर दर महिन्याला ५९० पर्यंत जातील. शिल्लक आहे १,९८७.५१. चार महिनेही पुरणार नाही.

वैनगंगा

ताई, आमच्या आजीचं सांगते. तिच्या खात्यात निराधार योजनेचे पैसे यायचे आणि त्यातून दर काही महिन्यांनी कपात व्हायची. मी सुट्टीत गावी गेले तेव्हा पासबुक भरून आणलं आणि कळलं. बँकेत अर्ज दिला की हे खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या, बीएसबीडी म्हणतात ते. आधी साहेब म्हणाले, नवीनच उघडावं लागेल. मी म्हटलं, चालू खातंच बदलता येतं, तसा नियम आहे, अर्जावर नाही म्हणून लिहून द्या. मग बदललं. त्यानंतर एक रुपया गेला नाही, एटीएम कार्डही फुकट आहे.

हिशेबनीस

वैनगंगा, लिहून द्या म्हणालात तिथंच काम झालं. 'नाही' तोंडी सांगणं सोपं असतं.

बीएसबीडी खातं सगळ्या व्यापारी बँकांना द्यावंच लागतं, खाजगी असली तरी. जनधन खातं हा त्याचाच प्रकार. किमान शिल्लक नाही, एटीएम कम डेबिट कार्डाला वार्षिक फी नाही. मर्यादा दोन. महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं मोफत, त्यापुढचं बँकेवर अवलंबून, तेव्हा आधी विचारा. दुसरी, त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, असेल तर तीस दिवसांत बंद करावं लागतं. आजीच्या खात्याला हे अगदी योग्य. ज्याला महिन्याला वीस वेळा पैसे काढावे लागतात त्याला अडचण होईल.

पिंपळपान

एटीएमचंही सांगा कुणीतरी. पाच वेळा फुकट ना? माझे सहा झाले नव्हते तरी २७ रुपये १४ पैसे गेले.

हिशेबनीस

पाच आपल्या बँकेच्या मशीनवर. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद या सहा शहरांत तीन आणि बाकी ठिकाणी पाच. पुणं या यादीत नाही. मशीन कुठं आहे ते बघतात, तुमची शाखा कुठं आहे ते नाही. त्यापुढे १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत घेता येतात, जीएसटी धरून २७.१४. परक्या मशीनवर नुसती शिल्लक बघितली तरी एक संधी खर्च होते, बहुतेकांचा हिशेब तिथंच चुकतो. मशीनमध्ये पैसेच नव्हते किंवा मशीन बिघडलं म्हणून फसलेला प्रयत्न मात्र मोजायचा नाही, २०१९ पासून तशी सूचना आहे. तुम्ही परक्या मशीनवर बॅलन्स बघितला होता का?

पिंपळपान

हो, दोनदा. दादरला. पण मग ठाण्याच्या मशीनवर तीन धरतात की पाच? मी राहतो ठाण्यात.

रानवाट

मला वाटतं तीनच. मुंबईतच धरत असतील.

मालवणी_माणूस

माझ्या भाच्याला ठाण्यात पाच मिळालेत. पण ते आपल्याच बँकेच्या मशीनवर होते का ते विचारायला हवं.

स्नेहल_सातारा

काका, मूळ प्रश्नाकडे येते. पैसे परत मागायला काही आधार आहे का? आणि खात्यात पैसे नसताना नावावर बाकी लिहून ठेवली, ते चालतं का?

हिशेबनीस

आधार आहे. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात बचत खात्यासाठी तीन गोष्टी आहेत ज्या तुमच्या कामाच्या.

शिल्लक कमी पडली की बँकेनं आधी कळवायचं, एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं, की कळवल्यापासून महिन्याभरात शिल्लक पुरी केली नाही तर दंड लागेल. त्या महिन्यानंतरच दंड. दुसरं, दंड तुटीच्या प्रमाणात हवा, हे तुमच्या बँकेनं पाळलेलं दिसतं. तिसरं, निव्वळ या दंडामुळं खातं उणे होता कामा नये.

तिसऱ्या मुद्द्यावर बँका म्हणतात की आम्ही खातं उणे केलंच नाही, शून्यावर ठेवलं, बाकी फक्त नोंदवली आणि पैसे आल्यावर वळती केली. मला स्वतःला हे नियमाच्या हेतूविरुद्ध वाटतं. ज्याच्या खात्यात काही नाही त्याच्या नावावर दंड चढवत जायचा आणि कुणी मदत म्हणून पाठवलेल्या पैशातून तो उचलायचा, हे बरोबर नाही. पण यावर तुम्हाला खात्रीनं यश येईल असं मी सांगणार नाही.

पहिला मुद्दा भक्कम. भावाच्या फोनमध्ये जून-जुलैचे बँकेचे एसएमएस शोधा. आणि बँकेत नोंदवलेला ईमेल कुठला आहे?

स्नेहल_सातारा

ईमेल कंपनीचा होता! तो तर नोकरी सुटली त्या दिवशीच बंद झाला.

एसएमएस सापडला. एकच आहे, १८ जुलैचा. खात्यात सरासरी १०,००० ठेवा, नाहीतर चार्जेस लागतील, अशा अर्थाचा. खातं बदललं हे सांगणारा एकही नाही. कदाचित ते ईमेलवर गेलं असेल.

हिशेबनीस

मग तारखा जुळवा. १८ जुलैला कळवलं, म्हणजे १८ ऑगस्टपर्यंत मुदत. पण पहिला दंड कापला १ ऑगस्टला, चौदाच दिवसांनी. ही कपात टिकत नाही.

शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात भांडण नको, चार गोष्टी मागा: खातं कुठल्या तारखेला बदललं, तसं कधी आणि कुठं कळवलं, शिल्लक कमी असल्याची सूचना कधी पाठवली त्याची प्रत, आणि १,०१२.४९ ची फोड. मग १ ऑगस्टची कपात एक महिना पुरा व्हायच्या आत झाली म्हणून ती परत मागा, आणि १ सप्टेंबरला कापलेल्या ऑगस्टच्या दंडालाही हरकत घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी नाही. आधी बँकेकडे न जाता थेट तिथं गेलात तर तक्रार परत येते, म्हणून पोच जपा.

रानवाट

आणि ते कार्डाचे २३६?

हिशेबनीस

ते अवघड. पगाराच्या खात्यावर कार्ड फुकट होतं, खातं बदललं तशी फी सुरू झाली. फी वर्षाची एकदम लागते, कार्ड वापरा न वापरा. परत मिळेल ती बँकेच्या मर्जीनं. पण पुढच्यासाठी सांगतो, डेबिट कार्ड घ्यायलाच हवं अशी सक्ती बँकेला करता येत नाही. नको असेल तर अर्ज देऊन बंद करा. यूपीआय आता आधारच्या ओटीपीवरही सुरू होतं, बँकेनं ती सोय दिली असेल तर कार्ड लागत नाही. आणि पुष्कळांकडे प्लॅटिनम वगैरे महागडं कार्ड नूतनीकरणात आलेलं असतं, शाखेत साधं कार्ड मागितलं तर फी बरीच खाली येते.

सुपारीबाग

क्रेडिट कार्डाला पण हेच का? मी एक कार्ड बंद करायला सांगून तीन आठवडे झाले, रोज फोन करून 'ऑफर' सांगतात.

हिशेबनीस

क्रेडिट कार्डाचा नियम वेगळा आणि जास्त कडक आहे. थकबाकी नसेल तर बंद करायची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची, नाहीतर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. विनंती ईमेलनं केली आहे का? फोनवर केली असेल तर आज ईमेल करा, म्हणजे तारीख पक्की होईल.

वैनगंगा

स्नेहलताई, खातं बंदच करणार असाल तर आधी पीएफमध्ये कुठलं खातं आहे ते बघा. माझ्या नवऱ्यानं पगाराचं खातं बंद केलं आणि पीएफ काढायचा अर्ज त्याच खात्यावर होता, सगळं लटकलं. विम्याचा हप्ता, एसआयपी, इन्कम टॅक्सचा रिफंड, गॅसची सबसिडी, सगळं दुसऱ्या खात्यावर नेऊन मग बंद करा.

स्नेहल_सातारा

बरं झालं सांगितलंत. पीएफ त्याच खात्यावर आहे, अजून काढलेला नाही. म्हणजे आधी ते बदलायचं. मधल्या काळात दंड लागू नये म्हणून बीएसबीडीत बदलायचा अर्ज देते.

स्नेहल_सातारा (तीन आठवड्यांनंतर)

काय झालं ते सांगायला आले. अर्ज दिला, पोच घेतली. बँकेचं लेखी उत्तर आलं. खातं ९ जूनला बदललं आणि ते फक्त ईमेलनं कळवलं, तोच कंपनीचा ईमेल. शिल्लक कमी असल्याची सूचना १८ जुलैची. १ ऑगस्टचे ५५६.४९ त्यांनी परत जमा केले. ऑगस्टचा दंड मात्र योग्य आहे म्हणतात, कारण तो १ सप्टेंबरला कापला आणि तोवर महिना होऊन गेला होता. कार्डाचे २३६ नाही म्हणाले.

खातं बीएसबीडीत बदललं. दोन खेपा घालाव्या लागल्या. पीएफला नवीन खातं जोडलं, मंजुरी यायची आहे.

हिशेबनीस

अभिनंदन. आता एक बारकी गोष्ट. जुलैचा दंड चुकीचा होता हे बँकेनं मान्य केलं. तो कापला नसता तर ऑगस्टभर शिल्लक १,५८३.५१ ऐवजी २,१४० राहिली असती, आणि ऑगस्टचा दंड ५९० नाही, ५५६.४९ झाला असता. म्हणजे ऑगस्टचा दंड योग्य धरला तरी त्यात ३३.५१ जास्त गेले. पुढच्या महिन्यांनाही हाच न्याय लावून त्यांना हिशेब नव्यानं करायला सांगा.

आणि ऑगस्टचा दंड मला पूर्णपणे मान्य नाही. मुदत १८ ऑगस्टपर्यंत होती, तरी दंडासाठी सरासरी धरली १ ऑगस्टपासूनची. मुदतीतले दिवस दंडाच्या हिशेबात कसे घेता, हे लोकपालाला विचारण्यासारखं आहे.

मालवणी_माणूस

परिपत्रकात महिन्यानंतर दंड लावा एवढंच आहे ना? मग बँक म्हणेल, महिन्यानंतरच लावला. सरासरी कधीपासूनची घ्यायची हे कुठं लिहिलंय?

हिशेबनीस

तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणूनच विचारायचं.

स्नेहल_सातारा

भाऊ म्हणतोय करूया. शनिवारी बसून तक्रार भरतो. १८ जुलैचा एसएमएस, अर्जाची पोच, बँकेचं उत्तर आणि स्टेटमेंट, चारही जोडते. काका, पाठवायच्या आधी मजकूर इथं टाकला तर बघाल का?

हिशेबनीस

टाका. खाते नंबर आणि फोन नंबर तेवढे काढून टाका.